लुडोतलं 'जुग' आणि जुगाराचा काही संबंध नाही!

प्रश्न : "दोन सोंगट्या एका घरात असल्या की आजी 'जुग झालं, मारता येत नाही' म्हणते, पोरं म्हणतात असा नियमच नाही. जुग म्हणजे काय? आणि सहा पडल्याशिवाय बाहेर यायचं नाही हे मूळचं आहे का?"

आजीचं बरोबर आहे, शब्द पण आणि नियम पण. हल्ली जो तो 'ब्लॉक लागला', 'डबल झालं' म्हणतो तेव्हा खरंच चीड येते, घरचा इतका नेमका शब्द असताना.

आता मुद्दा. जुग म्हणजे जोडी, संस्कृत युग. सुरुवातीच्या य चा ज होतो, यात्रा-जत्रा, यव-जव, तसंच. आणि याच युगापासून बैलांच्या मानेवरचं 'जू' आलं! लॅटिनमध्ये पण जू ला युगुम म्हणतात, मूळ एकच, जोडणे. माझं तर ठाम मत आहे की सारीपाटावर हा शब्द रुजला तो शेतातल्या त्या चित्रामुळे, दोन बैल एका जुवाखाली असले की एकट्याला वेगळं काढता येत नाही, पण जू उतरलं की दोघं सुटे. सोंगट्यांचं अगदी तेच. समजा लालच्या दोन सोंगट्या एका साध्या घरात आहेत, हिरवी चार घरं मागे आहे आणि तिला चार पडले, तर ती तिथे बसू शकत नाही. मग लालला तीन पडले आणि त्याने त्यातली एकच पुढे नेली, की जुग फुटलं, आता हिरवीला परत चार पडले तर मागे राहिलेली मेली. चौपटीत तर जुगाला मारायचं तर समोरूनही जुगच लागतं.

आणि जे लोक जाणकार म्हणून ठासून सांगतात की जुग हे जुगाराचं छोटं रूप, त्यांनी जरा ध्वनिबदल बघावेत. जुगार आला द्यूतकारापासून, तिथला ज हा द्य चा आहे, अद्य-आज, विद्युत-वीज सारखा. युगातला ज य चा. दोन वेगळी घराणी आहेत, नुसतं ऐकायला सारखं वाटतं म्हणून नातं जोडायचं ही व्युत्पत्ती नव्हे.

हां, सहाचं राहिलं. लुडोचं पेटंट इंग्लंडमधलं, 1896 चं, पण खेळ आपल्या पचिशीवरून घेतलेला. पचिशीत कवड्यांचे सहा, दहा आणि पंचवीस हे मानाचे दान, त्यांवर सोंगटी बाहेर यायची. एका फाशावर दहा-पंचवीस कुठून येणार, सहा तेवढा उरला. एकावर पण बाहेर काढणारी घरं आहेत, तसं खेळायचं तर पहिलं दान टाकायच्या आधी सांगायचं, सोंगटी अडकल्यावर नाही. पोरांना जुग मान्य नसेल तर तेही तेव्हाच बोलायचं, आजीची जोडी बसल्यावर नाही.