धारवाडचे हिरवे पट्टे म्हणजे पृथ्वीचं पहिलं कवच का?

प्रश्न: ग्रीनस्टोन बेल्ट हे सर्वांत जुन्या खंडांचे अवशेष असं वाचलं. म्हणजे आपल्या शेजारचे धारवाडचे पट्टे हाच भारताचा पहिला तुकडा का? आणि कोण आधी, कोण नंतर हे ठरवतात कसं?

थोडक्यात सांगायचं तर नाही. पण हाच घोळ म्हैसूर संस्थानातल्या भूवैज्ञानिकांनी कित्येक वर्षं घातला होता, त्यामुळे तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

आधी दोन खडक ओळखून घेऊ. एक हिरवा. हा मुळात बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दगडाचाच प्राचीन भाऊबंद. बहुतेक वेळा पाण्याखाली ओतला गेलेला, पुढे दाबाने आणि उष्णतेने बदललेला. बदलताना त्यात क्लोराइट, एपिडोट अशी हिरवी खनिजं तयार झाली म्हणून ग्रीनस्टोन. त्याच्या सोबतीला गाळाचे खडक आणि लोहखनिजाचे थर असतात. दुसरा खडक करडा-पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. दक्षिण कर्नाटकात मैलोन्‌मैल हाच पसरलेला आहे आणि हिरवे पट्टे त्यात लांबट होड्यांसारखे अडकलेले दिसतात. खंडाचं खरं अंग हा नाइस. हिरवा खडक घडणीने समुद्रतळाच्या जवळचा.

नकाशा पाहून पहिला विचार येतो तो असा की होड्या आधी होत्या आणि ग्रॅनाइटी रस नंतर त्यांच्याभोवती घुसला. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात या हिरव्या खडकांना धारवाड हे नाव दिलं. नंतर म्हैसूरच्या भूविज्ञान खात्याचे प्रमुख स्मीथ यांनी ठामपणे मांडलं की धारवाड सर्वांत जुने आणि नाइस नंतरचा. पण या मताला एक अडचण होती. धारवाडच्या थरांत गोट्यांचे खडक, म्हणजे काँग्लोमरेट, सापडत होते. गोटे आले म्हणजे ते कुठल्यातरी जुन्या जमिनीवरून झिजून आले असणार. त्यावर उत्तर काढलं गेलं की हे नदीचे गोटे नाहीतच, खडक जागच्या जागी चिरडून झालेले तुकडे आहेत.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चिरडून झालेले तुकडे ताणले गेले की ते गोटे वाटतात. विद्यार्थी असताना पहिल्या फील्ड-ट्रिपला मीही अशा चिरडलेल्या खडकाला वहीत बेधडक काँग्लोमरेट लिहून टाकलं होतं. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "सगळे गोटे एकाच दगडाचे कसे रे?" खरी कसोटी तीच. नदी दहा गावांचा माल आणते, तर चिरडलेल्या खडकात भोवतालच्याच दगडाचे तुकडे असतात. दुसरी कसोटी आणखी पक्की आहे. गोटा नाइसचा असेल तर त्याच्या आतले पट्टे पाहायचे. एका गोट्यातले पट्टे उभे, शेजारच्यातले आडवे आणि भोवतालच्या खडकाची पापुद्र्यांची दिशा तिसरीच असेल, तर तो खडक गोटा होण्याआधीच नाइस झालेला होता. चिरडल्याने हे होत नाही.

बाबाबुदन डोंगररांगेच्या परिसरातल्या काल्दुर्गच्या काँग्लोमरेटमध्ये ग्रॅनाइटी खडकांचे असे मोठमोठे गोटे आहेत. चिकमगळूरजवळच्या कार्तिकेरेला तर धारवाडचा तळच दिसतो. खाली जुना ग्रॅनाइटी खडक, त्यावर गारगोट्यांचा थर, वर वाळूचे खडक आणि मग लाव्हाचे थर. म्हणजे आधी जमीन होती, ती झिजली आणि तिच्यावर लाव्हा पसरला. वर डोंगरमाथ्याला लोहखनिज. या गारगोट्यांच्या थरात पायराइट आणि युरेनिनाइट या खनिजांचे वाहून आलेले कणही सापडतात. आजच्या नदीत अशा कणांना हवा लागली की ते गंजून, विरघळून जातात. ते टिकले कारण तेव्हाच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. (मला या थराचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच वाटतं, वयाचं नाही.)

मग स्मीथ चुकले? अर्धे. कारण हिरवा खडक एकाच पिढीचा नाही. नाइसच्या आत अडकलेले, चेंगरलेले छोटे तुकडे आहेत, त्यांना सरगूर गट म्हणतात. वय साधारण 330 ते 300 कोटी वर्षं. यांच्यात नाइसचा रस घुसलेला खरोखर दिसतो. मोठे पट्टे, म्हणजे खरे धारवाड, नंतरचे, साधारण 290 ते 260 कोटी वर्षांपूर्वीचे, आणि ते नाइसवर बसलेले आहेत. दोघांना एकच नाव दिलं की भांडण मिटतच नाही.

आता वय कसं काढतात ते. झिरकॉन नावाचं वाळूच्या कणाएवढं खनिज ग्रॅनाइटी रसात तयार होतं. तयार होताना ते युरेनियम घेतं, शिसं जवळपास घेत नाही. त्यामुळे आत जे शिसं सापडतं ते युरेनियम मोडूनच झालेलं, असं धरता येतं. सोय अशी की युरेनियम दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही वेगळ्या गतीने मोडतं. एकाच कणात दोन घड्याळं. दोन्ही एकच वेळ सांगत असतील तर विश्वास ठेवायचा. पुढे कधी खडक तापून शिसं निसटलं असेल तर ती जुळत नाहीत. आणखी एक फसगत म्हणजे जुन्या कणावर नंतर नवं कवच चढलेलं असतं. मोजणीचा किरण गाभा आणि कवच यांच्या मध्यावर पडला तर जे वय येतं ते कोणत्याच घटनेचं नसतं. म्हणून आधी कणाचं आतलं चित्र काढतात आणि मगच ठिपका निवडतात.

या नाइसची रासायनिक घडण आणखी मागे नेते. त्यात काही जड मूलद्रव्यं फार कमी आहेत, आणि ती पकडून ठेवतं गार्नेट नावाचं खनिज. म्हणजे पाणी मुरलेला बेसाल्ट खोलवर, गार्नेट टिकेल इतक्या दाबाखाली वितळला, गार्नेट खाली राहिलं आणि वर आलेल्या रसाचा हा नाइस झाला. तो बेसाल्ट सरगूरच्याही आधीचा कुणीतरी, आणि तो शिल्लक नाही.

तुम्ही 'शेजारचे' म्हणालात ते बरोबर आहे. शिमोगा-गोवा पट्टा थेट गोव्यात उतरतो. तिथलं लोहखनिज आणि सिंधुदुर्गातलं रेडी ही त्याचीच पोरं. महाराष्ट्रात पुढे सगळं दख्खनच्या लाव्ह्याखाली गेलं. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत छिद्र घेतलं तेव्हा 338 मीटर बेसाल्ट संपल्यावर खाली हा प्राचीन ग्रॅनाइटी पाया लागला. कोयनेला त्यासाठी जवळजवळ एक किलोमीटर खाली जावं लागलं.

पहिला तुकडा कोणता म्हणाल तर पश्चिम धारवाड, म्हणजे कर्नाटकाच्या पश्चिमेकडच्या जुन्या खंडतुकड्यात, प्रत्यक्ष उभा नाइस साधारण 340 कोटी वर्षांपर्यंत जातो. पण होळेनरसीपुरच्या पट्ट्यातल्या वाळूच्या खडकांत झिरकॉनचे काही कण 358 कोटी वर्षांचे निघाले. ज्या खडकातून ते झिजून आले त्याचं घरदार गेलं आणि हे काही कण उरले.