सर्च ॲड्समध्ये टॅप येतात पण इन्स्टॉल महाग पडतो, तर नेमकं काय बदलायचं?

प्रश्न: ॲप स्टोअरच्या सर्च ॲड्सवर खर्च करतोय, टॅप भरपूर येतात पण एक इन्स्टॉल फार महाग पडतोय. बिड कमी करू, कीवर्ड बदलू की स्क्रीनशॉट?

उत्तर: बिडला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी कीवर्ड, मग स्क्रीनशॉट, आणि त्यानंतर बिड. मी याच क्रमाने केलं (खरं तर आधी उलट्या क्रमाने केलं आणि त्यात दोन महिने गेले) म्हणून सांगतोय.

मी ॲपलच्या स्टोअरबद्दल बोलतोय. गूगल प्लेवर ॲप कॅम्पेनमध्ये कीवर्ड आपण निवडतच नाही, त्यामुळे कीवर्डचा भाग तिकडे लागू नाही.

ॲपलकडे कीवर्ड आपण निवडतो त्या सर्च रिझल्टच्या ॲडमध्ये आपण पैसे भरतो टॅपचे, इन्स्टॉलचे नाही. म्हणजे एका इन्स्टॉलची किंमत = एका टॅपची किंमत भागिले टॅप केलेल्यांपैकी किती जणांनी इन्स्टॉल केलं ते प्रमाण. सोपं आहे, पण डॅशबोर्ड बघताना नजर कायम पहिल्याच आकड्यावर जाते आणि आपण स्वस्त टॅपच्या मागे लागतो.

माझं ॲप औषधाची वेळ आठवून देणारं. मी दोन शब्द एक्झॅक्ट मॅचवर, म्हणजे जवळपास तोच शब्द टाइप केला तरच ॲड दिसेल असे, लावले होते, `reminder` आणि `pill reminder`. चलन कुठलंही धरा, मी नुसते आकडे देतो. `reminder` वर टॅप 10 ला पडत होता, 400 टॅप आले, खर्च 4000, इन्स्टॉल 80. म्हणजे इन्स्टॉल 50 ला. `pill reminder` वर टॅप 22 ला, दुपटीहून महाग, 150 टॅप, खर्च 3300, पण इन्स्टॉल 75. म्हणजे 44 ला. महागडा वाटणारा शब्दच स्वस्त निघाला, कारण `reminder` टाइप करणाऱ्याला बिलाची तारीख, वाढदिवस, मीटिंग काहीही हवं असतं, तो आमचं पान उघडतो, गोळ्या दिसल्या की मागे जातो, आणि त्या मागे जाण्याचे पैसे आपण भरलेले असतात.

तरी 50 आणि 44 मध्ये फार फरक नाही असं वाटेल, मलाही वाटलं होतं. म्हणून पुढचं बघितलं, इन्स्टॉल केल्यावर सातव्या दिवशीही किती जण ॲप वापरतायत. `reminder` वाल्या 80 पैकी 12. `pill reminder` वाल्या 75 पैकी 33. आता भागाकार करा: टिकलेला एक माणूस पहिल्या शब्दाने 333 ला पडला, दुसऱ्याने 100 ला!! हे कळण्यासाठी ॲपमध्ये `AdServices` फ्रेमवर्क जोडावं लागतं, त्यातून टोकन घेऊन ॲपलला विचारलं की उत्तरात `keywordId` येतो, तो आपल्या युजरच्या नोंदीला चिकटवून ठेवायचा. एवढं काम नक्की करा, नाहीतर कुठल्या शब्दाने कसली माणसं आणली हे कळणारच नाही.

आणि मोठा शब्द बंद केला की नवीन शब्द सुचणार कुठून? त्यासाठी एक वेगळी छोटी कॅम्पेन ठेवायची, त्यात सर्च मॅच, म्हणजे जुळणारे सर्च ॲपलनेच शोधायचे ती सोय, चालू आणि थोडे ब्रॉड मॅच शब्द, म्हणजे मिळत्याजुळत्या सर्चवरही ॲड दाखवणारे, बजेट कमी. आपले पक्के एक्झॅक्ट शब्द तिथे निगेटिव्ह, म्हणजे ज्यावर ॲड दाखवायची नाही असे, म्हणून टाकायचे, म्हणजे दोन्ही कॅम्पेन एकाच सर्चवर येणार नाहीत आणि आकडे एकमेकांत मिसळणार नाहीत. मग दर आठवड्याला सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडून जे चाललं ते एक्झॅक्टमध्ये उचलायचं आणि जे नुसतं टॅप खातंय ते निगेटिव्हमध्ये.

आता स्क्रीनशॉट. सर्चमध्ये आपली ॲड दिसते तेव्हा बहुतेक वेळा पहिले तीन उभे स्क्रीनशॉट दिसतात, तेही अंगठ्याच्या नखाएवढे (व्हिडिओ किंवा आडवा स्क्रीनशॉट असेल तर मांडणी बदलते). माझा पहिला स्क्रीनशॉट होता लोगो आणि खाली एक स्वागताचं वाक्य. दुसरा, सेटिंग्जचा. म्हणजे सर्च करणाऱ्याने जे टाइप केलं त्याचं उत्तर तिसऱ्या चित्रापर्यंत मिळतच नव्हतं. बदलून पहिला असा केला: सकाळी 8 वाजताची यादी, तीन गोळ्या, दोन समोर हिरवी खूण आणि तिसरीसमोर "घ्यायची बाकी". वर तीनच शब्द, मोठ्या अक्षरात. फोन हातभर लांब धरून वाचता येतात का ते बघितलं, पहिल्या खेपेला येत नव्हते, अक्षर अजून वाढवलं.

जुन्या पानावर 400 टॅपला 202 इन्स्टॉल होते, नव्यावर 400 ला 241. साधारण 50 टक्क्यांवरून 60. टॅपची किंमत तीच 22, पण इन्स्टॉल 44 वरून 37 च्या आसपास आला. इथे घाई करू नका, पहिल्या 150 टॅपनंतर मलाही असाच फरक दिसत होता पण एवढ्या कमी आकड्यात तो नुसता योगायोगही असू शकतो, म्हणून 400 पर्यंत थांबलो. शिवाय ॲड किती जणांना दिसली आणि किती जणांनी टॅप केलं ते प्रमाण थोडं कमीच झालं, आणि ते चांगलं आहे. चित्र स्पष्ट असेल तर ज्याला नकोय तो टॅपच करत नाही, आणि टॅप नाही तर खर्चही नाही.

आई-वडिलांची औषधं सांभाळणारे लोक वेगळे शब्द टाकतात, त्यांच्यासाठी कस्टम प्रॉडक्ट पेज, म्हणजे स्टोअरमधल्या आपल्या पानाची वेगळी आवृत्ती, बनवलं, त्यात पहिला स्क्रीनशॉट "दुसऱ्याची यादी आपल्या फोनवर" हा, आणि ते पान त्या शब्दांच्या ॲड ग्रुपला जोडलं. कस्टम पेज रिव्ह्यूला जातं पण त्यासाठी ॲपचं नवं व्हर्जन काढावं लागत नाही, त्यामुळे प्रयोग करायला ती जागा बरी.

आता बिड. तुमची बिड म्हणजे टॅपसाठी जास्तीत जास्त किती द्याल ती मर्यादा, प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून कमी लागतं. स्क्रीनशॉट बदलायच्या आधी मी `pill reminder` ची बिड वाढवून बघितली होती. टॅप 22 वरून 28 ला गेला, टॅप 150 चे 180 झाले, इन्स्टॉल 75 चे 90. एका इन्स्टॉलची सरासरी 56, ठीक वाटते. पण खर्च 3300 वरून 5040 झाला, म्हणजे वरचे 15 इन्स्टॉल 1740 ला आले, एकेक 116 ला! कारण बिड वाढवली की नव्या टॅपचेच नाही, आधी स्वस्तात मिळत होते त्या टॅपचेही जास्त पैसे जातात, आणि डॅशबोर्डवरची सरासरी हे झाकून टाकते. एक टिकलेला माणूस मला वर्षभरात जेमतेम 150 देतो, आणि 75 पैकी 33 टिकतात त्या हिशोबाने माझी मर्यादा एका इन्स्टॉलला 66. मग ते 15 इन्स्टॉल तोट्याचेच होते, बिड परत खाली आणली.

तुमचं ॲप कशाचं आहे आणि कुठले शब्द लावलेत ते कमेंटमध्ये टाका, शब्दवार टॅप आणि इन्स्टॉल दिलेत तर आधी कुठला बंद करायचा ते सांगता येईल.