आधी गीझरच्या पॉइंटचं तिसरं भोक

"आईबाबांचा डोंबिवलीतला १९८९चा वन बीएचके भाड्याने देतोय. दिवे, पंखे, गीझर सगळं चालू आहे. वायरिंगचं मी स्वतः काय तपासू आणि लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन कधी बोलवू?"

माझाही फ्लॅट साधारण त्याच वयाचा, ठाण्यात. भाडेकरू येण्याआधी मी फक्त करंट गळला की वीज तोडणारा एक आरसीसीबी बसवून घेतला आणि दुसऱ्याच दिवसापासून गीझर लावला की तो पडायला लागला. प्लग काढला की सगळं ठीक. सोसायटीत कामाला येणाऱ्या माणसाने सांगितलं, गीझर गेलाय. नवा आणला, तरी तेच. मग तो म्हणाला, "साहेब, आरसीसीबीच काढून टाकू. जुन्या घरात तो चालतच नाही."

हे ऐकल्यावर मात्र मी परवानाधारक ठेकेदाराचा वायरमन बोलावला. त्याने सॉकेट उघडला. तिसऱ्या भोकाला अर्थिंगची वायर बोर्डापासून आलेलीच नव्हती. कुणीतरी तिथल्या तिथे न्यूट्रलवरून वायरचा तुकडा मारून दिला होता. गीझरला लोखंडी पाइप जोडलेला, त्यामुळे न्यूट्रलचा थोडा करंट गीझरच्या बॉडीतून पाइपात आणि तिथून जमिनीत जात होता. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही की आरसीसीबी पडतो. तो त्याचं काम चोख करत होता! उद्या तो न्यूट्रल मागे कुठे सुटला असता, तर कॉइलमधून येणारा फेज थेट गीझरच्या बॉडीवर आणि नळावर आला असता.

वाईट भाग असा की टेस्टरने हे कळत नाही. तिसऱ्या भोकात टेस्टर लावला तर खऱ्या अर्थिंगलाही पेटत नाही आणि या खोट्यालाही नाही. आरसीसीबी नसलेल्या घरात फेज आणि तिसऱ्या भोकात बल्ब लावून बघितलात तरी तो दोन्हीकडे पेटतो. प्लास्टिकचे पाइप असतील तर आरसीसीबीसुद्धा गप्प बसू शकतो. म्हणून किमान गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज आणि एसीचे पॉइंट उघडून बघायला माणूस लागतोच.

तुम्ही स्वतः, काहीही न उघडता, एवढं करा. एकेक एमसीबी बंद करून कुठले पॉइंट गेले ते कागदावर लिहा. मग घरातला मेन स्विच बंद करून दहा मिनिटं मीटरजवळ थांबा. पल्सचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर मेनच्या आधीच कुणाचं तरी कनेक्शन आहे. आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्ट बटन दाबा, लगेच पडला पाहिजे. पण त्या बटनाने सॉकेटच्या अर्थिंगची परीक्षा होत नाही. शेवटी गीझर वीस मिनिटं चालवून बंद करा आणि कोरड्या हाताने प्लग काढून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल किंवा पिना काळवंडल्या असतील तर सॉकेट ढिला आहे किंवा आतला जोड.

लोडची खरी गडबड स्वयंपाकघरात होते. १९८९मध्ये ओट्यावर मिक्सर होता. आता भाडेकरू त्याच पॉइंटवर दोन हजार वॉटची इंडक्शन आणि बाराशे वॉटचा मायक्रोवेव्ह लावतो. बत्तीसशे भागिले २३०, म्हणजे जवळजवळ १४ अँपिअर. भिंतीतली दीड चौरस मिलिमीटरची जुनी वायर मी १० अँपिअरचीच धरतो. एमसीबी पडायला लागला की कुणीतरी दहाचा काढून बत्तीसचा बसवतो. तिथून पुढे एमसीबी पडत नाही, वायर तापते. तुमच्या बोर्डावर ३२ लिहिलेला एमसीबी दिसला आणि त्याच्या खाली बारीक वायर, तर थांबा. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातलेली दिसली तरी तेच.

या दोन खुणा, पांढुरकी अॅल्युमिनियमची वायर, नळाला हात लावल्यावर हाताला मुंग्या येणं, जळका वास, पुन्हा पुन्हा पडणारा आरसीसीबी किंवा आरसीसीबीच नसणं: यातलं एक जरी असेल तरी स्वतः हात घालू नका. परवान्याचा नंबर विचारा आणि सगळे प्लग काढून वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरची रीडिंग प्रत्येक सर्किटची लेखी मागा. १ मेगाओहमच्या खाली गेलेलं सर्किट बंद ठेवायचं. माझ्याकडे बाथरूमच्या दिव्याचं ०.२ आलं, वरच्या मजल्याची गळती वायरच्या पाइपात उतरली होती. त्यासाठी नवी वायर ओढावी लागली.

भाडेकरू एसी लावणार असेल तर महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार आधी बघा. अपुरा असेल तर वाढवून घ्या. एसीला बोर्डापासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची वायर टाकून घ्या, बेडरूमच्या पॉइंटवरून ओढू देऊ नका. मी हे करारातच लिहून घेतलं.