टीडीएस कापला नाही म्हणजे कर माफ झाला असे नाही

प्रश्न : माझे वय 35, आईचे 63. बचत खात्याचे आणि एफडीचे व्याज किती रुपयांपर्यंत करमुक्त असते? बँकेने टीडीएस कापला नसेल तरी ते रिटर्नमध्ये दाखवावे लागते का?

दाखवावे लागते. कापला असो वा नसो.

आमच्या घरात याच मुद्द्यावरून एका दिवाळीत फराळ कडू झाला होता, म्हणून जरा लांबण लावतो. अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांचे रिटर्न आमचे दाजी भरायचे, कारण दाजींना "त्यातले कळते". 2021-22 या वर्षाचे रिटर्नही त्यांनीच जुलै 2022 मध्ये भरले. पेन्शन दाखवली आणि व्याजाच्या रकान्यात शून्य टाकले. वर दोन्ही बँकांत अण्णांच्या सहीने 15एच फॉर्मही देऊन ठेवले होते.

त्या दिवाळीत मी अण्णांचे एआयएस उघडले. कर खात्याच्या पोर्टलवर आपल्या व्यवहारांची जी यादी दिसते, ती. एका बँकेच्या एफडीचे 46,000, दुसरीच्या एफडीचे 44,000, बचत खात्याचे 6,000. एकूण 96,000 रुपये, सगळे तिथे नीट मांडलेले. टीडीएसच्या रकान्यात मात्र काही नाही.

दाजींचे म्हणणे, "ज्येष्ठांना 50,000 माफ आहेत, आणि एकाही बँकेत तेवढे होत नाही." घोळ इथेच आहे. तेव्हा ज्येष्ठांसाठी 50,000 हा आकडा दोन ठिकाणी होता. एक, बँकेने टीडीएस कधी कापायचा त्याची मर्यादा, आणि ती प्रत्येक बँकेला वेगळी. दुसरी, कलम 80टीटीबीची वजावट, आणि ती माणसाला एकदाच, सगळ्या बँका आणि पोस्ट मिळून. आकडा सारखा, म्हणून लोकांनी दोन्ही गोष्टी एकच समजल्या. दोन बँकांत ठेवी वाटल्या की टीडीएस टळतो, पण वजावट दुप्पट होत नाही.

अण्णांची पेन्शन वर्षाला 5,40,000. प्रमाणित वजावट 50,000 गेली, उरले 4,90,000. एवढ्यावरच थांबले असते तर पाच लाखांच्या आत असल्याने सवलतीत कर शून्य झाला असता. व्याजाचे 96,000 उणे 50,000, म्हणजे 46,000 मिळवले की 5,36,000 होतात. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना पहिले तीन लाख मोकळे, पुढच्या दोन लाखांवर 5 टक्के म्हणजे 10,000, वरच्या 36,000 वर 20 टक्के म्हणजे 7,200. त्यावर 4 टक्के उपकर धरून 17,888 रुपये. पाच लाखांची रेघ ओलांडली की आधीची सवलतही जाते, हे दाजींच्या गावी नव्हते.

आणि 15एच? तो फॉर्म म्हणजे "या वर्षी माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य येईल" असे लिहून देणे. टीडीएस नको म्हणून द्यायचा अर्ज नव्हे. अण्णांनी नकळत खोटे लिहून दिले होते, याचे त्यांना पैशापेक्षा जास्त वाईट वाटले.

31 डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न भरले. ज्येष्ठांना धंद्याचे उत्पन्न नसेल तर अग्रिम कर भरावा लागत नाही, त्यामुळे उशिरा भरलेल्या करावर व्याज बसले नाही.

तुमच्याबद्दल : तुम्हाला 80टीटीए. फक्त बचत खात्याचे व्याज, तेही 10,000 पर्यंत. एफडी आणि आरडीचा पहिला रुपयाही करपात्र. आईला 80टीटीबी, बचत, एफडी, आरडी, पोस्ट सगळे मिळून 50,000. तिला 80टीटीए वेगळे मिळत नाही. कंपन्यांच्या ठेवी किंवा डिबेंचरचे व्याज यात बसत नाही. आणि मुदतीअखेर पैसे मिळणारी एफडी असली तरी बँक दरवर्षीचे व्याज त्या वर्षात दाखवते, त्यामुळे "हातात आले तेव्हा बघू" म्हणाल तर एआयएसशी मेळ बसणार नाही.

हो, आणि हे आधीच सांगायला हवे होते : या दोन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत आहेत. नवी आपोआप लागू होते, तिच्यात दोन्ही नाहीत. पण तिची सवलतीची मर्यादा आता इतकी वाढली आहे की आईचे उत्पन्न मध्यम असेल तर वजावटीशिवायही कर शून्य येऊ शकतो. दोन्हीकडून हिशोब करून बघा. 1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा त्यात वर दिलेले जुने नंबर शोधत बसू नका.

1 एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांसाठी टीडीएसची मर्यादा एक लाख झाली. वजावट तिथेच, 50,000 वर. बजेटच्या संध्याकाळीच दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकले : "ज्येष्ठांना एक लाखापर्यंत व्याज माफ, अभिनंदन अण्णा." मी खाली अण्णांच्या 17,890 रुपयांच्या चलनाचा फोटो टाकला. दाजींनी अजून तो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणांपलीकडे उत्तर दिलेले नाही.