गुडघा सरळ होत नाही, जिन्यावर दगा देतो: मेनिस्कस की एसीएल?

> "नऊ दिवसांपूर्वी बॅडमिंटन खेळताना पाय रोवलेला राहिला आणि अंग वळलं, डावा गुडघा पिळला गेला. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तेव्हापासून पाय पूर्ण सरळ होत नाही, जिना उतरताना गुडघा दगा देतो. एक्सरे नॉर्मल. इथे इंदूरलाच एका ठिकाणी लिगामेंट ताणलंय म्हणून लांब नी-ब्रेस दिला, महिनाभर बांधायचा. घरचे म्हणतात पहलवानाकडून बसवून घे. हे मेनिस्कस आहे की एसीएल? वय ३१."

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "पाय पूर्ण सरळ होत नाही" हे आहे, आणि ब्रेस देणाऱ्यांनी नेमकं तेच सोडून दिलंय. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं लिगामेंट. नुसत्या एसीएलच्या दुखापतीत थांबणं बहुतेक वेळा योग्यच असतं. सूज उतरू द्यायची, हालचाल परत आणायची, मग ऑपरेशन हवं की नको ते निवांत ठरवायचं. मेनिस्कस म्हणजे या दोन हाडांमधली कूर्चेची गादी. तिचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकून गुडघा लॉक झाला असेल तर मात्र तेच थांबणं नुकसान करतं. माझ्या गुडघ्याच्या वेळी एका दवाखान्याने "स्नायू आखडलाय" म्हणत असाच ब्रेस बांधून ठेवला होता. तो काढेपर्यंत शिवता आली असती ती गादी शिवण्याजोगी राहिली नव्हती. म्हणून हे जरा तळमळीने लिहितेय. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी खरंच लॉक आहे का ते बघा. पलंगावर पालथं झोपा. मांड्या पलंगावर, गुडघे कडेच्या जरा बाहेर, पाय मोकळे सोडलेले. दोन्ही टाचा एका पातळीत आहेत का ते घरातल्या कुणाला तरी बाजूने बघू द्या. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली तर तेवढा गुडघा सरळ होत नाहीये. पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण सात अंश, आणि एवढं असलं तरी लंगडत चालावं लागतं. आता अडतंय कसं ते पाहा. मांडीच्या मागे ताण बसतोय आणि सूज-दुखणं कमी होईल तशी टाच रोज थोडी खाली येतेय, तर ते बहुधा स्नायूंचं आखडणं. रोज त्याच कोनावर येऊन अडतंय, पुढे नेऊ गेलं की सांधा परत ढकलतो आणि सांध्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या रेषेवर एका बोटाने दाखवता येईल असं दुखतं, तर ते खरं लॉकिंग. वाकवायला मात्र बऱ्यापैकी जमतं. मध्येच "कट्" होऊन सुटतं आणि पुन्हा अडकतं, तरीही संशय मेनिस्कसवरच घ्यायचा.

यात नेहमी सापडणारा प्रकार म्हणजे बकेट हँडल टिअर. मेनिस्कसची बाहेरची कड जागेवर राहते आणि आतली लांब पट्टी बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्याच्या मधल्या खाचेत जाऊन बसते. आता लांब ब्रेसचे पट्टे आवळून पाय सरळ करायला गेलं की ती पट्टी दोन हाडांमध्ये चेपली जाते. फाट वाढते, पट्टी चुरगळते आणि तिच्यासमोरची गुळगुळीत कूर्चाही घासली जाते. मांडीचा पुढचा स्नायू दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतका उतरतो, तो तोटा वेगळाच. पहलवानाने झटका देऊन "बसवणं" म्हणजे हेच सगळं एका मिनिटात करून घेणं. घरच्यांना स्पष्ट सांगा: हाड निखळलेलं नाही, त्यामुळे बसवण्यासारखं काही नाहीच.

दगा देण्याबद्दल. एसीएल गेलेला गुडघा वळताना दगा देतो. पाय रोवून एकदम दिशा बदलली की वरचं हाड खालच्यावरून सरकल्यासारखं वाटतं, सरळ चालताना फारसं काही होत नाही. जिना उतरताना सरळ रेषेत गुडघा मोडतो तेव्हा बहुतेकदा दुखण्यामुळे आणि सांध्यात साठलेल्या पाण्यामुळे मांडीचा स्नायू क्षणभर काम सोडतो. तेवढ्यावरून लिगामेंट म्हणणं घाईचं आहे. सुजेची वेळही मेनिस्कसकडे बोट दाखवते. एसीएल तुटला की सांध्यात रक्त उतरतं आणि गुडघा साधारण दोन तासांत टम्म होतो, पुष्कळांना त्या क्षणी "फट्" आवाजही येतो. मेनिस्कसची सूज रात्रीतून चढते. पण ही लक्षणं पक्की नाहीत, आणि दोन्ही एकदम जाणं अजिबात दुर्मिळ नाही. तुटलेल्या एसीएलचं टोकही कधीकधी मध्ये येऊन पाय सरळ होऊ देत नाही. म्हणून ऑर्थोपेडिककडे लॅकमन टेस्ट झाली का विचारा. गुडघा वीस-तीस अंश वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात आणि चांगल्या पायाशी तुलना करतात. दोन्ही पाय तपासलेच नसतील तर ती तपासणी झाली असं मी मानत नाही. सुजलेल्या गुडघ्यात स्नायू घट्ट असल्याने ती खोटी नॉर्मलही येते, तेव्हा सूज उतरल्यावर पुन्हा करून घ्यावी.

एमआरआय या आठवड्यातच करा. एक्सरेत मेनिस्कस दिसत नाही, त्यामुळे "नॉर्मल" हा शब्द इथे फक्त हाडापुरता आहे. चिठ्ठीवर नुसतं "गुडघेदुखी" नको, "पिळल्यानंतर लॉक झालेला गुडघा, बकेट हँडल आणि एसीएल पाहावे" असं लिहून घ्या. पाय सरळ होत नाही हे टेक्निशियनला आधीच सांगा, तो गुडघ्याखाली आधार देईल. जोर लावून सरळ करू देऊ नका. रिपोर्टबरोबर सीडीही घ्या आणि सर्जनला चित्रं स्वतः बघायला लावा. रिपोर्टमध्ये ग्रेड १ किंवा २ लिहिलं असेल तर ती फाट नव्हे, ग्रेड ३ म्हणजे पृष्ठभागापर्यंत गेलेली फाट. "डबल पीसीएल साइन" लिहिलं असेल तर पट्टी खाचेत गेलेली आहे, मग ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका. रात्रीतून धावपळ करण्याची ही वेळ नाही, पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दुर्बिणीचं ऑपरेशन व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सही करण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: शिवता आलं तर शिवणार का, आणि त्याचं साहित्य त्या दिवशी तयार असेल का? बाहेरच्या कडेजवळ रक्तपुरवठा असतो, तिथली फाट शिवली तर जुळू शकते. आतल्या भागात ती शक्यता फार कमी. कापून काढलं तर थोड्या दिवसांत चालायला लागाल, पण गादी जितकी जास्त जाईल तितका पुढे झिजेचा धोका वाढतो. शिवल्यावर पहिले चार ते सहा आठवडे साधारणपणे नव्वद अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं साधारण चार महिने बंद, म्हणजे घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्चीची सोय आधीच करून ठेवा. वयाच्या ३१ व्या वर्षी हा त्रास सोसण्यासारखा आहे. माझ्या आईच्या वयाला मी हाच सल्ला देणार नाही, कारण पन्नाशीनंतर झिजेने फाटलेली गादी एमआरआयमध्ये काही त्रास नसतानाही दिसते.

तोवर दोन्ही बगलांत कुबड्या, दिवसातून तीन-चारदा पंधरा मिनिटं कपड्यातून बर्फ, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून आहे त्याच कोनात मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळून सोडायचा, दहा-दहा वेळा. पोटरी सुजून दुखू लागली, ताप येऊन गुडघा गरम झाला किंवा पाऊल थंड-बधिर पडलं तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ.

कॅशलेस विमा असेल तर पहिल्या ओपीडीच्या कागदावर दुखापतीची तारीख आणि "खेळताना पिळला" हे लिहिलंय का आजच बघा. नंतरच्या कागदांवर वेगळी तारीख पडली की मंजुरी अडकते.