‘आठवणी’ की ‘आत्मचरित्र’?

«आजोबांच्या वह्या पुस्तकरूपात छापायच्या आहेत. मुखपृष्ठावर ‘आत्मचरित्र’ लिहावे की ‘आठवणी’? वह्यांत १९६१ सालाबद्दल एक अक्षर नाही. काकी म्हणते, तेवढे पान आपणच लिहून घालूया.» – फोंडा

‘आठवणी’ लिहा. आणि काकींना आवरा.

‘आत्मचरित्र’ म्हटले की वाचक सलग आयुष्य मागतो. गोव्यातला शाळामास्तर स्वतःचे चरित्र लिहितो आणि १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस, येतच नाही, म्हणजे पान गहाळ झाले असेच त्याला वाटणार. ‘आठवणी’ला ही सक्ती नाही. तिथे निवड लिहिणाऱ्याची.

रमाबाई रानड्यांचे पुस्तक १९१० सालचे, नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’. आणि सगळ्या नव्हे, ‘काही’. १९०१ साली न्यायमूर्ती रानडे गेले तिथे हे कथन थांबते. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या, पुण्याच्या सेवासदनाचे काम उभे केले. ती कर्तबगार बाई या पुस्तकात नाही. दिसते ती नवऱ्याकडून शिकणारी, सासरच्या बायकांचे टोमणे सोसणारी बायको. ही रमाबाई खोटी नाही, पण निवडलेली आहे. कुठे थांबायचे हे ठरले, तिथेच ‘मी’ कोण हेही ठरले.

आपल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी १९२४ साली आपल्या पुस्तकाला ‘निवेदन’ म्हटले. बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून ते काशी, नेपाळ, सिलोन हिंडले, आणि हा शोधच पुस्तकाचा कणा आहे. निवेदन लोकांपुढे करायचे असते. घरातले किती सांगायचे त्याचा सूर त्या नावातच लागतो.

आता तुम्ही पाठवलेली पाने. शाळेच्या घंटेचा दोर कुणी बदलला यावर आजोबांनी दीड पान खर्च केले आहे, आणि पुढचाच परिच्छेद ‘६३च्या पावसात’ असा सुरू होतो. मधली वर्षे ते विसरले असतील असे मला वाटत नाही, कारण एके ठिकाणी पोर्तुगीज चलनाबद्दल ‘तेव्हा पगार एस्कुदोत मिळे’ असे आहे. ‘तेव्हा’ म्हणणारा माणूस बदल ओलांडून अलीकडे येऊन बसलेला असतो. ते गप्प का राहिले, भीती की कंटाळा, हे त्या पानांवरून कळत नाही. आपणही ठरवू नये.

काकींचे पान ‘मी’ म्हणून आत घातलेत, तर आजोबा एकदम मुक्तीच्या मिरवणुकीत दिसू लागतील, आणि घंटेच्या दोराचे ते दीड पान उगाच पाल्हाळ वाटेल. काकींना स्वतःचे आठवत असेल तर ते त्यांच्या नावाने, शेवटी वेगळे छापा. वह्यांत जिथे खंड आहे तिथे तळटीप पुरे: ‘मूळ वहीत यानंतर थेट १९६३.’

वाक्ये दुरुस्त करतानाही जपा. ‘तेव्हा’, ‘पुढे कळले’ असे शब्द पुनरुक्ती म्हणून मुद्रितशोधक पहिल्यांदा छाटतो.