बेरीज 49 तास 24 मिनिटं, टाइमशीटवर मात्र 48

प्रश्न: बुटीबोरीच्या कारखान्यात कायम ऑपरेटर आहे. शिफ्ट सकाळी 8 ते दुपारी 4:30, जेवणाची अर्धा तास सुट्टी, आठवड्याला सहा दिवस. टाइमशीटवर रोजचे पंच मिनिटासकट दिसतात, साधारण 7:53 ला इन आणि 4:37 ला आउट. मी जोडले की 49 तास 24 मिनिटं होतात, पण खाली आठवड्याची बेरीज 48 तास. एचआर म्हणते, ‘सिस्टम प्रत्येक पंच पाव तासाला राउंड करते.’ माझा ओव्हरटाइम बुडतोय का? बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 18,200 आहे.

उत्तर: काही भाग नक्की बुडतोय, सगळा बुडतोय असं मात्र मी म्हणणार नाही.

आधी हिशोब पाहू. जवळच्या पाव तासाला राउंड करताना सात मिनिटांपर्यंतचा फरक गळून जातो. म्हणून 7:53 चे 8:00 होतात आणि 4:37 चे 4:30. रोज 14 मिनिटं, सहा दिवसांची 84. तुमचा दिवस 8 तास 14 मिनिटांचा, म्हणजे एकेका दिवसाकडे पाहिलं तर फारसं काही दिसत नाही. आठवड्याला 48 तासांची मर्यादा लावली की मात्र तीच 84 मिनिटं ओव्हरटाइम ठरतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 27 प्रमाणे ओव्हरटाइम रोजचा किंवा आठवड्याचा, कामगाराच्या फायद्याचा असेल तसा धरायचा आणि दर दुप्पट. तुमचा तासाचा दर 18,200 भागिले 26 भागिले 8, म्हणजे 87 रुपये 50 पैसे; दुप्पट 175. एक तास 24 मिनिटांचे 245 रुपये झाले.

पण हे 245 जसेच्या तसे मागू नका. कंपनीचा वकील पहिला प्रश्न बसचा विचारेल. बस तुम्हाला दहा मिनिटं आधी उतरवते, तुम्ही पंच करून चहा घेता आणि 8 ला मशीनवर उभे राहता, असं असेल तर ती सात मिनिटं काम नव्हे. पंच म्हणजे हजेरी, काम झालं हे वेगळं दाखवावं लागतं. संध्याकाळचं तसं नाही. रिलीव्हर येऊन चार्ज घेईपर्यंत मशीन सोडता येत नसेल, तर ती सात मिनिटं कामाचीच. शिफ्ट हँडओव्हरचं रजिस्टर, प्रॉडक्शन शीटवरची वेळ, सुपरवायझरचा ‘आठला दहा कमी असताना लाइनवर या’ असा मेसेज, असे पुरावे जिथे आहेत तिथे दावा पक्का. फक्त संध्याकाळचा भाग धरला तर आठवड्याला 42 मिनिटं, म्हणजे 122 रुपये 50 पैसे.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण कायद्याच्या दृष्टीने तीच सगळ्यात भक्कम आहे. एखाद्या दिवशी 8:08 ला पोचलात तर सिस्टम 8:15 धरते. आठ मिनिटं उशीर, पंधरा मिनिटांची कपात. वेतन संहितेत गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते, आणि जुन्या वेतन प्रदान कायद्यातही हेच होतं. ती जादा सात मिनिटं कंपनीला कापता येत नाहीत.

एचआर कदाचित म्हणेल की राउंडिंग दोन्ही बाजूंनी होतं: 8:07 ला आलात तर 8:00 धरतो, तुमचाही फायदा होतो. खरं आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांत अशा सरासरीने जुळणाऱ्या राउंडिंगला जागा आहे, आणि पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ती सोय तिथूनच आलेली असते. आपल्या संहितांत पाव तासाच्या राउंडिंगला अशी मुभा दिलेली नाही. तरीही तीन महिन्यांचा फरक दोन्ही बाजूंनी मांडा, तुमच्या फायद्याची मिनिटं वजा करून. आकडा दर आठवड्याला कंपनीकडेच झुकत असेल तर ‘सरासरीत जुळतं’ हा बचाव टिकत नाही. बेरीज करताना एक जपा: टाइमशीटवर 8.25 असं दशांशात लिहिलं असेल तर ते 8 तास 15 मिनिटं असतात, 25 नव्हे.

आता एचआरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मशीनमधला मूळ पंच लॉग, राउंडिंगचा लेखी नियम आणि प्रत्येक महिन्याची वेतनपावती मागा. टाइमशीटचे फोटो आजपासूनच काढून ठेवा, कारण सेटिंग बदलली की जुना रिपोर्टही नव्या पद्धतीने छापला जाऊ शकतो. उत्तर आलं नाही तर नागपूरच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात जा, वेतनाचा दावा कोणत्या अधिकाऱ्यापुढे लावायचा ते तिथे कळेल. पूर्ण वेतन दिलं हे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेच्या कलम 59 ने मालकावर टाकला आहे. दाव्याची मुदत तीन वर्षं. 21 नोव्हेंबर 2025 आधीच्या थकबाकीसाठी मात्र जुन्या कायद्यातली बारा महिन्यांची मुदत कंपनी पुढे करेल, तेव्हा ते महिने वेगळे दाखवा आणि अर्ज लांबवू नका.

नोंदणीकृत संघटना असेल तर दावा तिच्यामार्फत लावा. राउंडिंग अख्ख्या शिफ्टला लागू आहे, मग एकट्याचं नाव पुढे करायचं कारण नाही.